शेडपर्यंतची साठ मीटर वायर

जाडतारकाका गेले त्याला तीन आठवडे झाले. दुकानात अजून कोणी कोणी येऊन विचारतं, "जाडतार येतात का हल्ली?" मी मान हलवतो आणि मालकांकडे बघतो. मालक सांगतात. मला अजून ते वाक्य तोंडातून काढता येत नाही.

हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. घरातल्या मोठ्या व्होल्टेजची कामं करणारे वायरमन गावात पुष्कळ. काका बाहेरची, बारा व्होल्टची कामं करायचे. बागेतल्या एलईडी पट्ट्या, फाटकावरचे सेन्सर, लांबच्या टाकीतलं पाणी किती आहे ते घरात दाखवणारे सेन्सर. या कामांत वायर लांब जाते आणि लोक ती बारीक घेतात. बारा व्होल्ट तर आहेत, त्याला काय लागतंय, असं म्हणतात. काका दरवेळी जाड वायर सांगायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं की पिशवी उचलायचे.

"बारीक वायर हवी असेल तर बारीक माणूस बघा," ते म्हणायचे. स्वतः काठीसारखे होते. त्यामुळे पुढचा विनोद गिऱ्हाइकाला आयता मिळायचा.

आमची ओळख मी दुकानात लागलो त्याच महिन्यातली. मी एका बाईंना फाटकावरच्या दिव्यासाठी वायर कापून देत होतो. घंटीला लावतात तसली. मागून आवाज आला.

"किती लांब आहे फाटक?"

"पंचवीस मीटर," मी म्हणालो.

"मग पन्नास धर."

"पंचवीसच आहे. त्यांनी मोजलंय."

"करंट फाटकावर जाऊन मुक्काम करतो का?"

मी कापणं थांबवलं.

"दुसऱ्या तारेतून परत येतो की नाही? तो रस्ता कोण मोजणार, तुझा सासरा?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"मग तूच मोज."

बाई हसल्या. मी वायर गुंडाळून ठेवली. त्यांनी काउंटरवरचा पुठ्ठा ओढला आणि पेन्सिलीने मला हिशेब मांडून दाखवला. एक स्क्वेअर, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर गेला, की दर मीटरला साधारण अठरा हजारांश व्होल्ट वाटेतच गळतात. अंतर दुप्पट, गळती दुप्पट. करंट दुप्पट, गळती दुप्पट. तार दुप्पट जाड, गळती निम्मी. एवढंच.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण लोकांना पटत नाही. घागरीतून दोन घोट सांडले तर कळत नाही. कपातून सांडले तर प्यायला काय उरतं? बारा व्होल्ट म्हणजे कप आहे."

मी बी.ए. झालो आहे हे त्यांना मालकांकडून कळलं. तेव्हापासून मी बीए झालो. "बीए, दहा मीटर काप." "बीए, ही पावती वाच, चष्मा घरी राहिला." संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी ते येऊन स्टुलावर बसायचे. मी त्यांना पुस्तकातलं काही सांगितलं की ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "मग त्या बाईचं काय झालं?" कुठल्याही पुस्तकात त्यांना एका तरी बाईची काळजी वाटायचीच.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, ताई. काकांनी लग्न केलं नव्हतं. ताईंचे यजमान लवकर गेले. मग काका तिच्याकडे राहायला आले ते तिथलेच झाले. समोरची खोली त्यांची. घरामागे ताईंची रोपवाटिका होती. मागच्या दारापासून सरळ पायवाट, कडेला लोखंडी कठडा. पायवाट संपली की चौदा पायऱ्या खाली. खाली रोपांची शेड. ताई सगळ्यांनाच ताई. मीही ताईच म्हणायचो.

ताईंना तिन्हीसांजेनंतर दिसत नव्हतं. दिवसा सुई ओवतील, पण उजेड उतरला की त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा पडायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाणार. कामाच्या बायका पाचला जायच्या. शेडचे पडदे मात्र ऊन पूर्ण उतरल्यावरच सोडायचे असत, नाहीतर आत कोंडतं आणि कोवळी रोपं सडतात. ते काम ताई कोणाला देत नसत. काका कामावरून कधी लवकर यायचे, कधी नाही.

ताईंचा मुलगा दुसऱ्या शहरात होता, पाचव्या मजल्यावरच्या घरात. तो दर रविवारी फोन करायचा आणि एकच गोष्ट बोलायचा. आई, इकडे ये. या वर्षी त्याने अट घातली. महिनाअखेरीला तो येईल. आई संध्याकाळी एकटी शेडपर्यंत जाऊन परत येऊ शकली, तर ती तिथे राहील. त्याआधी ती पडली, तर तो तिला घेऊन जाईल आणि मग रडारड चालणार नाही.

ताईंनी मान्य केलं. मला नवल वाटलं. त्या सहजासहजी काही मान्य करणाऱ्या नव्हत्या.

"पायऱ्यांवर उजेड कर," त्या काकांना म्हणाल्या. मी तेव्हा चहा पीत बसलो होतो. "दोन्ही कडांना पट्टी लाव. पायरीची कड दिसली की झालं. मला पुस्तक वाचायचं नाहीये तिथे."

"इतकी वर्षं गावाच्या बागा उजळल्यात," काका म्हणाले. "आता कुठे घरचं गिऱ्हाईक आलं."

"गिऱ्हाईक कसलं. फुकट आहे."

"म्हणून तर उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. काउंटरवरचा पुठ्ठा ओढून त्यांनी हिशेब मांडला. घर ते पायऱ्या, साठ मीटर. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना पाच-पाच मीटर पट्टी. एकूण चार अँपिअर. शिवाय पायऱ्यांच्या तोंडाशी सेन्सर. अंधारात माणूस जवळ आला की तो पट्ट्या लावणार.

"एक व्होल्ट गळला तर चालेल," ते म्हणाले. "चार स्क्वेअरची दे. साठ मीटर, दोन तारांची."

मी कापून दिली. त्या वायरचं भेंडोळं चांगलंच जड झालं. मालक म्हणाले, "बहिणीलाही जाडच?" काका म्हणाले, "बहिणीला आणखी जाड." मी त्या पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. ते त्यांचं काम होतं. मी का पाहावं?

पहिल्या दिवशी त्यांनी एका कडेची पट्टी लावली. संध्याकाळी ताई पायऱ्या उतरल्या, पडदे सोडले, वर आल्या. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी दुसरी कड जोडली आणि तेव्हापासून पट्ट्या डोळे मिचकावू लागल्या. हा शब्द ताईंचा. लागायच्या, विझायच्या, दोन श्वासांनी पुन्हा लागायच्या. लागल्या तरी मंद.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी गेलो. दुपार होती. काका पायऱ्यांच्या तोंडाशी बसले होते, हातात व्होल्ट मोजायचं मीटर. त्यांनी वायरच्या टोकाला मीटर लावलं. बरोबर बारा.

"बघ. वायर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "सेन्सर खराब निघाला. बदलून दे."

मी बघत राहिलो. दिवसा सेन्सर झोपलेला असतो. पट्ट्या बंद. वायरमधून करंट जवळजवळ नाहीच. करंट नाही तर गळती नाही, मग टोकाला बारा दिसणारच. केसासारखी बारीक वायर असती तरी बाराच दिसले असते. मीटर लावायचं ते दिवे चालू असताना, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. एकदा एका वायरमनला त्यांनी भर दुकानात सुनावलं होतं, "माणूस झोपलेला असताना त्याचा स्वभाव कळतो का?"

सेन्सरच्या डोळ्यावर हात धरला असता, तर त्याला रात्र वाटली असती आणि पट्ट्या लागल्या असत्या. दोन सेकंदांचं काम. मी हात पुढे केला नाही. त्यांना कसं सांगायचं? मला वाटलं, यात त्यांचं काहीतरी असेल. जाणत्या माणसाच्या चुकीतही आपण शहाणपण शोधतो.

ते कपाळ चोळत होते. "ऊन लागलं," म्हणाले.

मी दुसरा सेन्सर पाठवला. त्याच पेटीतला, तसाच.

दोन दिवसांनी ताई पडल्या. अकराव्या पायरीवर पाय टाकताना पट्ट्या विझल्या. पाय खाली शोधत राहिला. पुन्हा लागल्या तेव्हा त्या तळाशी होत्या. उजवं मनगट मोडलं. काका समोरच्या खोलीत होते. त्यांना हाक ऐकू आली नाही.

सकाळी ते दुकानात आले. काखेत वायरचा उरलेला तुकडा. त्यांनी तो माझ्यासमोर टाकला.

"खोटी वायर दिलीस."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"काका, वायर चांगल्या कंपनीची आहे."

"वर चार छापलंय, आत अडीच आहे. माझी बहीण पडली, बीए. तू दिलेल्या वायरीने."

मालक उठून आले. मी तुकड्याचं टोक सोललं. आत तांब्याच्या बारीक तारांचा झुपका. चार स्क्वेअरच्या या वायरीत छप्पन तारा असतात. एकेक तार मोजायची, मग खरं-खोटं कळतं. हेही त्यांचंच.

"मोजू का?" मी विचारलं.

"मी मोजतो."

त्यांनी टाचणी घेतली. एकेक तार बाजूला करत मोजू लागले. ओठ हलत होते. तीसच्या पुढे गेले. मग थांबले. टाचणी तशीच हवेत. त्यांनी सगळ्या तारा पुन्हा एकत्र केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बावीसवर थांबले. तिसऱ्यांदा अकरावर.

"बोलू नका रे मध्ये," ते म्हणाले.

कोणीच बोलत नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. मालकांनी पंखा उगाच कमी केला. काकांनी टाचणी काउंटरवर ठेवली, अगदी सावकाश, जणू ती फुटेल. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

ते गेल्यावर मी मोजल्या. छप्पन. पुन्हा मोजल्या. छप्पन.

मग मी काउंटरखालचे पुठ्ठे उपसले. त्यांचे हिशेब मी फेकत नसे. तो पुठ्ठा वरच होता. साठ, चार, अठरा, भागिले चार. उत्तर एक व्होल्टच्या थोडं वर. गुणाकार बरोबर होता. भागाकार बरोबर होता. साठ चुकीचं होतं. तिथे एकशेवीस हवं होतं. ते करंटचा परतीचा रस्ता धरायला विसरले होते.

त्याखाली त्यांचे जुने पुठ्ठे होते. मी सगळे पाहिले. एकाही पुठ्ठ्यावर ती चूक नव्हती. अगदी घाईत, चहाच्या डागावर लिहिलेल्या हिशेबातसुद्धा अंतर दुप्पट केलेलं होतं. फक्त या शेवटच्यात नाही.

मी मालकांना पुठ्ठा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"जाडतार असं करणार नाही," ते म्हणाले.

"अक्षर त्यांचंच आहे."

"ते दिसतंय मला. तरी म्हणतो."

दुपारी मी ताईंच्या घरी गेलो. काका झोपले होते. मी मागच्या पायवाटेने गेलो, सेन्सरच्या डोळ्यावर तळहात धरला आणि दुसऱ्या हाताने मीटर लावलं. पट्ट्या लागल्या. मीटर बारावरून घसरलं. दहा पॉइंट सात; व्होल्टेज पडलं की पट्ट्या करंटही कमी ओढतात, म्हणून हिशेबाइतकं खाली गेलं नाही. सेन्सरच्या पाठीवर छापलं होतं, किमान दहा पॉइंट आठ. टक् आवाज झाला आणि पट्ट्या विझल्या. विझल्याबरोबर मीटर पुन्हा बारा. सेन्सर जागा झाला, त्याला माझी चाहूल लागली, त्याने पट्ट्या लावल्या, पुन्हा व्होल्टेज पडलं, पुन्हा टक्. एका कडेची पट्टी होती तोवर करंट निम्मा होता, म्हणून निभावलं. सेन्सर चांगला होता. वायर चांगली होती.

मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. वळलो तर ताई मागे. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मी वायरचं काहीतरी सांगायला लागलो.

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. डोळे जातायत, कान आहेत."

मी सांगितलं. पुठ्ठा, साठ, एकशेवीस, दिवसा लावलेलं मीटर. तारा मोजताना काय झालं ते सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग कठड्याला टेकल्या.

"दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "चहात दोनदा साखर घालतो. मी पिते. परवा कुलूप लावून किल्ली आतच ठेवली. मागच्या आठवड्यात मला आई म्हणाला. मी ओ दिली."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"तो येतोय होय. म्हणतो, ऊन लागलं."

"मुलाला सांगायचं."

"पडले तेही कळवलं नाही अजून. मुलाला सांगितलं तर मुलगा मला घेऊन जाईल. मग हा?" त्यांनी घराकडे पाहिलं. "मला शेडचं वेड आहे असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. लावलेली रोपं कोणीही वाढवतं रे. याला कोण बघणार होतं? म्हणून म्हटलं, उजेड कर. मी राहिले तर तो राहील."

तेव्हा मला कळलं, त्यांनी मुलाची अट इतक्या सहज का मान्य केली होती. त्या पायऱ्या त्यांना काकांसाठी उतरायच्या होत्या.

"मी त्या दिवशी पाहिलं होतं," मी म्हणालो. "त्यांनी पट्ट्या बंद असताना मीटर धरलं ते. बोललो नाही."

ताईंनी प्लास्टरचा हात झोळीत सारखा केला. मला वाटलं, त्या म्हणतील, असू दे. त्या म्हणाल्या नाहीत.

"मीही बोलले नाही," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "साखरेचं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. काकांना डॉक्टरांकडे न्यायला दोन दिवस लागले. शेवटी ताई म्हणाल्या की त्यांचं प्लास्टर दाखवायचं आहे, सोबत चल. काका सोबत गेले. डोक्याचे फोटो काढले. गाठ निघाली. जिथे होती तिथे चाकू पोचत नव्हता. डॉक्टर मुलाशी बाहेर बोलले. ताई सांगत होत्या, काका आतमध्ये खिडकीच्या चौकटीला बोट लावून बसले होते. तिथल्या दिव्याची वायर उघडी लोंबत होती. त्यांनी ती खोचून ठेवली.

मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, दोघंही चला. मोठं रुग्णालय तिकडेच आहे. ताई हो म्हणाल्या. काकांनी विचारलं, "किती दिवस?" मुलगा तिकिटांचं बघायला उठला.

निघायला चार दिवस होते. मी ताईंना विचारलं, पायऱ्यांचं काम करू का? त्या म्हणाल्या, "आता कोण उतरणार?" मग म्हणाल्या, "कर. त्याला तसं अर्धं सोडून न्यायला नको."

वायर जमिनीत गाडलेली होती, पाइपातून. बाराच व्होल्ट ठेवायचे तर दहा स्क्वेअरची लागली असती आणि सगळी पायवाट उकरावी लागली असती. मी चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय घेतला, चोवीसच्या पट्ट्या, चोवीसचा सेन्सर. तितक्याच उजेडाला चोवीसवर करंट निम्मा लागतो. करंट निम्मा, म्हणून गळती निम्मी. आणि चोवीसमधून एक गेला तर बारातल्या एकाइतका तो लागत नाही. त्याच वायरीवर काम होतं. ही युक्ती माझी नव्हती.

काका खुर्ची टाकून पायऱ्यांच्या तोंडाशी बसले. मी पट्ट्या चिकटवत होतो. ते मधूनच सूचना करायचे. काही बरोबर असायच्या.

"चोवीस का?" त्यांनी विचारलं.

"गळती परवडते."

"हुशार आहेस. कोणी शिकवलं?"

मी पट्टीचा कागद सोलत राहिलो.

"एक वायरमन होते," मी म्हणालो.

"माणूस जाणता दिसतोय."

"खूप."

"त्याला म्हणावं, बारीक वायर वापरू देऊ नकोस कोणाला."

"ते नाही देत."

त्यांना समाधान वाटलं. मग म्हणाले, "ही पायरी ताईची आहे. नीट लाव." मी त्या पायरीची कड फडक्याने पुसून घेतली. मी पुन्हा लावू लागलो.

उजेड उतरला तसा मी टोकाला मीटर लावलं. पट्ट्या पूर्ण लागलेल्या होत्या. तेवीस पॉइंट दोन. पट्ट्या जळत राहिल्या. पायऱ्यांच्या कडा चाकूने आखल्यासारख्या दिसत होत्या.

ताई आल्या. मुलगा मागोमाग येत होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं. डावा हात कठड्यावर ठेवून त्या उतरल्या. चौदाही पायऱ्या. खाली शेडमध्ये गेल्या. पडदे सुटल्याचा आवाज आला, एकामागून एक. एका हाताने सोडत होत्या, म्हणून वेळ लागला. काका त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते. मग त्या वर आल्या. धाप लागली होती.

मुलाने मान खाली घातली होती. "आई," तो म्हणाला, "तू हे करू शकतेस."

"मग?"

"मामाचं झालं की... नंतर तुला परत यायचं असेल तर मी अडवणार नाही."

काका त्यांच्यासमोरच बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?" मी विचारलं, कुठल्या? ते म्हणाले, "तू सांगत होतास ती." मी त्या दिवशी कोणाचीच गोष्ट सांगत नव्हतो.

"पोचली ती घरी," मी म्हणालो.

त्यानंतर सातव्या आठवड्यात काका तिकडेच गेले. मुलाचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होतो. मी ती मोजून दिली. पावती केली. मग मालकांना सांगितलं. मालक आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

परवा ताई आल्या. मुलगा सोडायला आला होता. त्याने शब्द पाळला. मी स्टेशनवरून त्यांची पिशवी घेऊन घरी गेलो. घर बंद राहिल्याने कोंदट झालं होतं. समोरच्या खोलीत काकांचा पलंग तसाच. ताई दारात थांबल्या, आत गेल्या नाहीत. मुलगा किराणा आणायला बाहेर गेला.

संध्याकाळी त्यांनी मला मागे चल म्हटलं. पायऱ्यांच्या तोंडाशी गेलो तशा पट्ट्या लागल्या. एकसारख्या, न लुकलुकता. मी वाट पाहिली. त्या उतरल्या नाहीत.

"नीट चाललंय," मी म्हणालो.

"दिसतंय मला. एवढं दिसतं."

शेडमध्ये रोपं नव्हती. जाताना त्यांनी ती कामाच्या बायकांना वाटून टाकली होती. पडदे त्यांनी त्या संध्याकाळी सोडले होते तसेच होते.

"मी मुलाबरोबर परत जाते," ताई म्हणाल्या. "त्याला अजून सांगितलं नाही. किराणा घेऊन येईल बिचारा."

"पण तुम्हाला इथे राहता येईल. तो हो म्हणालाय."

"येईल ना. रोज उतरता येईल, रोज चढता येईल." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "वर येऊन मी कोणाला सांगू, पडदे सोडले म्हणून?"

मी पट्टीचं सुटू लागलेलं टोक दाबून बसवलं.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला जळायचं?"

मी त्यांना आधी घरात पोचवलं. हात धरून, कारण पायवाटेवर आता अंधार होता. मग मागच्या दाराजवळच्या पेटीतलं बटण बंद केलं. साठ मीटरवर अजून उजळलेल्या पायऱ्या विझल्या. समोरच्या खोलीत ताईंनी दिवा लावल्याचा आवाज आला. पुढच्या दारात मुलगा किराण्याची पिशवी घेऊन उभा होता आणि विचारत होता, तांदूळ कुठे ठेवू?